पुसट फोटोतले ∧ आणि ∨

लाखनीच्या एका विद्यार्थिनीने व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या फोटोत डिस्क्रीट मॅथेमॅटिक्सच्या स्वाध्यायाचं एक पान होतं. पुस्तक झेरॉक्सचं, पान मधल्या घडीकडे वाकलेलं आणि त्यावर मोबाइल धरलेल्या हाताची सावली पडलेली. चौथा प्रश्न असा दिसत होता: सत्यता सारणी मांडून सिद्ध करा की

```
(p ? q) → r  ≡  (p → r) ? (q → r)
```

प्रश्नचिन्हं माझी आहेत. त्या दोन जागी छापलेलं चिन्ह होतं, पण ते ∧ आहे की ∨ हे काही केल्या कळत नव्हतं. दोन्ही चिन्हं दोन तिरप्या रेघांचीच असतात. टोक वर असलं की "आणि", टोक खाली असलं की "किंवा". झेरॉक्समध्ये शाई पसरते, मग व्हॉट्सअॅप फोटो दाबून लहान करतं, आणि नेमकं ते टोकच विरून जातं. p, q, r ही अक्षरं अर्धी पुसली तरी डोळा ती ओळखतो. या चिन्हांचा सगळा अर्थ मात्र त्या एका टोकात असतो.

मुलीने दोन्ही जागी ∧ धरून उत्तर मांडायला घेतलं होतं, ते सुटत नव्हतं, म्हणून तिने विचारलं होतं. दोन्ही जागी एकच चिन्ह असेल असं वाटणं अगदी साहजिक आहे. बीजगणितात कंसाबाहेरची संख्या आतल्या दोन्ही पदांना वाटून देताना मधलं अधिकचं चिन्ह अधिकच राहतं, आणि तीच सवय हाताला लागलेली असते. इथे मात्र चिन्ह बदलतं. ते कुठे आणि का बदलतं हे या एका गणितातून फार छान उलगडतं, म्हणून ते सावकाश करून पाहू.

दोन जागा आणि प्रत्येक जागी दोन शक्यता, म्हणजे वाचनं चार. चारही तपासण्याआधी अक्षरांना अर्थ देऊन ठेवू, नाहीतर T आणि F नुसती नक्षी होऊन बसते. लाखनीचा भंडारा जिल्हा धानाचा. आधारभूत किमतीला धान विकायचं तर आधी शेतकऱ्याला खरेदी केंद्राकडे नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी कागद द्यावे लागतात. खऱ्या यादीत आधार कार्डही असतं, पण आपल्याला दोन कागद पुरेत. p म्हणजे "शेतकऱ्याने सातबारा दिला", q म्हणजे "शेतकऱ्याने बँकेचं पासबुक दिलं" आणि r म्हणजे "त्याची नोंदणी झाली". तिन्ही विधानं आहेत, म्हणजे प्रत्येक खरं तरी असतं किंवा खोटं तरी. खऱ्याला T आणि खोट्याला F.

आता (p ∧ q) → r म्हणजे "सातबारा आणि पासबुक दोन्ही दिले तर नोंदणी होते". (p ∨ q) → r म्हणजे "दोघांपैकी एक जरी दिलं तरी नोंदणी होते". केंद्रावरच्या माणसासाठी हा फरक लहान नाही. पासबुक घरी विसरलेल्या शेतकऱ्याचं काम आज होणार की उद्या पुन्हा खेप पडणार, ते त्या टोकावर ठरतं.

सारणी मांडायला सगळ्यात आधी ओळी ठरवाव्या लागतात. तीन विधानं आणि प्रत्येकाच्या दोन अवस्था, म्हणून 2 × 2 × 2 = 8 ओळी. एखादी ओळ सुटू नये आणि एखादी दोनदा येऊ नये म्हणून क्रम पक्का धरायचा. p च्या रकान्यात चार T आणि मग चार F, q च्या रकान्यात दोन-दोन आळीपाळीने, r च्या रकान्यात एक-एक. बारावीच्या पुस्तकात पहिलं प्रकरण याच विषयाचं आहे, तिथेही T आधी येतो. संगणकाच्या काही पुस्तकांत 0 आधी आणि 1 नंतर असतो, त्यामुळे सगळी सारणी उलटी दिसते. कोणताही क्रम चालतो, पण एकाच गणितात दोन क्रम मिसळले की उत्तर गेलंच. मैत्रिणीच्या वहीतला रकाना आपल्या वहीत उतरवताना हा घोटाळा हमखास होतो.

मग येतो → . या चिन्हाचा नियम एका ओळीत सांगता येतो: डावीकडे T आणि उजवीकडे F असेल तेव्हाच F, उरलेल्या तिन्ही वेळा T. पहिल्यांदा शिकणाऱ्याला यातलं अर्धं पटत नाही. डावीकडचं विधानच खोटं असेल तर सगळं "जर-तर" खरं कसं? इथे विचारायचा प्रश्न एकच: नियम मोडला का? "सातबारा दिला तर नोंदणी होते" हा नियम समजा. एखाद्याने सातबारा दिलाच नाही. त्याची नोंदणी झाली नाही तर नियम मोडला असं कुणी म्हणणार नाही, आणि इतर काही कारणाने झाली तरीही म्हणणार नाही. सातबारा देऊनही नोंदणी झाली नाही, तरच तक्रारीला जागा आहे. सारणीतला एकुलता एक F म्हणजे ती तक्रार.

हे हाताशी असलं की मुलीने धरलेलं वाचन तपासता येतं. डावीकडे (p ∧ q) → r, उजवीकडे (p → r) ∧ (q → r).

```
p q r | p∧q | (p∧q)→r | p→r | q→r | (p→r)∧(q→r)
T T T |  T  |    T    |  T  |  T  |      T
T T F |  T  |    F    |  F  |  F  |      F
T F T |  F  |    T    |  T  |  T  |      T
T F F |  F  |    T    |  F  |  T  |      F
F T T |  F  |    T    |  T  |  T  |      T
F T F |  F  |    T    |  T  |  F  |      F
F F T |  F  |    T    |  T  |  T  |      T
F F F |  F  |    T    |  T  |  T  |      T
```

प्रत्येक लहान तुकड्याला स्वतःचा रकाना दिला आहे. घाईत p∧q चा रकाना गाळून थेट पुढचा लिहिणारे बरेच असतात. मग चूक कुठे झाली ते त्यांना स्वतःलाही सापडत नाही, आणि तपासणाऱ्याला मधल्या पायरीचे गुणही देता येत नाहीत.

आता पाचवा रकाना आणि शेवटचा रकाना शेजारी ठेवून वाचा. चौथ्या ओळीत डावीकडे T आहे, उजवीकडे F. सहाव्या ओळीतही तसंच. दोन विधानं समतुल्य असायची तर आठही ओळी जुळायला हव्यात, आणि समतुल्य नाहीत म्हणायला न जुळणारी एक ओळ पुरते. चौथी ओळ काय सांगते पाहा: सातबारा दिला, पासबुक दिलं नाही, नोंदणी झाली नाही. "दोन्ही दिले तर" या नियमाला यात काहीच बाध येत नाही. पण उजवीकडे "सातबारा दिला तर नोंदणी" असा स्वतंत्र नियम उभा आहे आणि तो इथे मोडतो. सहाव्या ओळीत तेच पासबुकाबाबत घडतं. म्हणजे मुलीची आकडेमोड बरोबर होती. तिने वाचलेला प्रश्नच सिद्ध होण्यासारखा नव्हता.

दुसरं वाचन: डावीकडे ∨, उजवीकडे ∧.

```
p q r | p∨q | (p∨q)→r | p→r | q→r | (p→r)∧(q→r)
T T T |  T  |    T    |  T  |  T  |      T
T T F |  T  |    F    |  F  |  F  |      F
T F T |  T  |    T    |  T  |  T  |      T
T F F |  T  |    F    |  F  |  T  |      F
F T T |  T  |    T    |  T  |  T  |      T
F T F |  T  |    F    |  T  |  F  |      F
F F T |  F  |    T    |  T  |  T  |      T
F F F |  F  |    T    |  T  |  T  |      T
```

आठही ओळी जुळल्या. अर्थाने पाहिलं तरी हे लगेच पटतं. "दोघांपैकी काहीही एक दिलं तरी नोंदणी" असं फलकावर लिहिलं काय, किंवा "सातबारा दिला तर नोंदणी होईल आणि पासबुक दिलं तरी नोंदणी होईल" असं लिहिलं काय, शेतकऱ्याला मिळणारा हक्क एकच. डावीकडचा "किंवा" उजवीकडे "आणि" झाला, तरी नियम तोच राहिला.

इथेच थांबून प्रश्नात हेच छापलं असेल म्हणावंसं वाटतं. पण दोन वाचनं अजून उरली आहेत, आणि त्यातलं एक या सगळ्या गणितातलं सर्वांत विचार करायला लावणारं आहे. डावीकडे ∧ आणि उजवीकडे ∨ धरू. डावा रकाना पहिल्या सारणीत तयार आहे: फक्त दुसऱ्या ओळीत F, बाकी सगळे T. उजवीकडे (p → r) ∨ (q → r) खोटं व्हायला दोन्ही भाग खोटे हवेत. p → r खोटं आहे दुसऱ्या आणि चौथ्या ओळीत, q → r खोटं आहे दुसऱ्या आणि सहाव्या ओळीत. दोन्ही एकदम खोटे फक्त दुसऱ्या ओळीत. म्हणजे इथेही आठही ओळी जुळतात आणि ही समतुल्यताही पूर्णपणे खरी आहे.

पण ती मराठीत वाचून पाहा. डावीकडे: "सातबारा आणि पासबुक दोन्ही दिले तर नोंदणी होते." उजवीकडे: "सातबारा दिला तर नोंदणी होते, किंवा पासबुक दिलं तर नोंदणी होते." दुसरं वाक्य ऐकून कुणीही म्हणेल, अरे, मग एकच कागद पुरे झाला की! ही दोन वाक्यं एकच कशी? सारणी चूक म्हणावी तर तसंही नाही. हुशार मुलंही इथे अडतात. ती अडतात याचा मला आनंद होतो, कारण अडणारा अर्थाकडे पाहत असतो.

सारणीची प्रत्येक ओळ म्हणजे एक शेतकरी, एका वेळी. चौथ्या ओळीतला शेतकरी घ्या, ज्याच्याकडे फक्त सातबारा आहे आणि ज्याची नोंदणी झाली नाही. त्याच्यापुरतं "सातबारा दिला तर नोंदणी" खोटं ठरलं. पण "पासबुक दिलं तर नोंदणी" त्याच्यापुरतं खरंच आहे, कारण त्याने पासबुक दिलेलंच नाही, म्हणून तो नियम मोडलेलाच नाही. दोघांपैकी एक खरं, म्हणून "किंवा"चं सगळं विधान खरं. सहाव्या ओळीतल्या शेतकऱ्यासाठी याच्या उलट: तिथे पहिला भाग खरा आणि दुसरा खोटा. दुसरी ओळ सोडली तर प्रत्येक शेतकऱ्यापुरता कुठला तरी एक भाग टिकतो, पण तो प्रत्येक वेळी एकच असतो असं नाही.

बोलताना आपण "सातबारा दिला तर नोंदणी होते" असं म्हणतो तेव्हा ते एका माणसाविषयी नसतं. तो कायमचा नियम असतो, येणाऱ्या प्रत्येकासाठी. म्हणजे बोलण्यातल्या वाक्यात "प्रत्येक शेतकऱ्यासाठी" हे शब्द न उच्चारता असतात, आणि p, q, r च्या गणितात ते नसतात. ते घालून पाहिले की फरक उघड होतो. केंद्रावर तीन शेतकरी आले असं धरा. पहिल्याकडे फक्त सातबारा, नोंदणी नाही. दुसऱ्याकडे फक्त पासबुक, नोंदणी नाही. तिसऱ्याकडे दोन्ही, नोंदणी झाली. "प्रत्येकासाठी, दोन्ही दिले तर नोंदणी" हे खरं. पण "प्रत्येकासाठी, सातबारा दिला तर नोंदणी" हे पहिल्याने खोटं पाडलं, आणि "प्रत्येकासाठी, पासबुक दिलं तर नोंदणी" हे दुसऱ्याने. दोन्ही खोटे, म्हणून त्यांचा "किंवा"ही खोटा. समतुल्यता माणूस-माणूस पाहिली तर टिकते, पण "प्रत्येकासाठी" हे शब्द "किंवा"च्या दोन्ही बाजूंना वेगवेगळे वाटून दिले की टिकत नाही. आपल्या कानाला खटकतं ते हेच वाटून देणं. सत्यता सारणी जिथे संपते ती हद्द ही. "प्रत्येक" आणि "कोणीतरी" यांचं गणित पुढच्या प्रकरणात येतं आणि ते आठ ओळींत मावत नाही.

चौथं वाचन, दोन्ही जागी ∨, थोडक्यात उरकता येतं. डावीकडे F आहेत दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या ओळीत, उजवीकडे फक्त दुसऱ्या. पुन्हा चौथी आणि सहावी ओळ जुळत नाही. कागद एकच आणलेल्या दोन शेतकऱ्यांच्या याच ओळी सगळा निकाल लावतात.

म्हणजे चार वाचनांपैकी दोन खरी, दोन खोटी, आणि खऱ्या दोघांत चिन्हं एकमेकांच्या उलट आहेत. पुसट फोटोपुढे याचा नेमका उपयोग आहे. प्रश्नात "सिद्ध करा" असेल, तर दोहोंपैकी एक चिन्ह ओळखता आलं की दुसरं आपोआप ठरतं. दोन्ही पुसट असतील तर सारणी एवढंच सांगेल की ती दोन्ही सारखी नाहीत, त्यापुढे फोटो पुन्हा काढावा लागतो. आणि प्रश्नात "समतुल्य आहेत का ते तपासा" असं असेल तर हा आधारही जातो, कारण "नाहीत" हेही योग्य उत्तर असू शकतं. म्हणून अर्धवट दिसणाऱ्या प्रश्नात आधी क्रियापद वाचायचं.

फोटोत चिन्हांइतकेच कंसही दगा देतात. पानाची कड कापली गेली आणि कंस q → r भोवती आहे असं वाटलं, तर डावी बाजू p ∨ (q → r) होते. हे फक्त सहाव्या ओळीत खोटं आहे, मग उजवीकडच्या तीन F शी ते कसं जुळणार? उजव्या बाजूचे कंस दिसले नाहीत तर p → r ∧ q → r उरतं. रूढीप्रमाणे ∧ आधी बांधलं आणि बाण उजवीकडून बांधत आलं तर ते p → ((r ∧ q) → r) होतं आणि आठही ओळींत T येतो. असा सगळा T चा रकाना अचानक आला की आधी कंस तपासावेत. काही पुस्तकं ~ हे नकाराचं चिन्हही वापरतात, आणि झेरॉक्समध्ये ते शाईच्या ठिपक्यासारखं दिसतं. p च्या डावीकडे ठिपका दिसला तर तो प्रश्नातला असण्याची शक्यता धरूनच वाचावं.

आणखी एक चूक सांगायलाच हवी, कारण ती बरोबर उत्तरासारखी दिसते. काही मुलं दोन्ही रकान्यांतले T मोजतात, संख्या सारखी आली की "समतुल्य" लिहून मोकळी होतात. (p ∧ q) → r मध्ये सात T आहेत. p → (q ∨ r) मध्येही सातच आहेत. पण पहिल्याचा F दुसऱ्या ओळीत आहे आणि दुसऱ्याचा चौथ्या. पाहायचं ते F कुठे बसले आहेत हे. किंबहुना बाण असलेल्या विधानात F थोडे असतात, म्हणून नुसते F च्या ओळी शोधल्या तरी काम भागतं. (p ∧ q) → r खोटं कधी? p T, q T, r F. एवढं विचारलं की आठ ओळी न मांडताही तो रकाना डोळ्यांपुढे येतो. मात्र परीक्षेत "सारणी मांडून" असं लिहिलं असेल तर सारणी मांडायचीच.

सारणीची ही पद्धत आजच्या रूपात प्रसिद्ध झाली 1921 साली, लुडविग विटगेनश्टाइन आणि एमिल पोस्ट यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे. ती समतुल्यता आहे की नाही हे खात्रीने सांगते, पण का आहे हे सांगत नाही. चिन्ह उलटं का होतं हे पाहायचं असेल तर त्याहून जुन्या नियमाकडे जावं लागतं. तो ऑगस्टस डी मॉर्गन यांच्या नावाने ओळखला जातो. हे गणिती 1806 साली मदुराईत जन्मले आणि लंडनमध्ये शिकवत होते. नियम असा: "किंवा"चा नकार म्हणजे दोन्ही नकारांचा "आणि", आणि "आणि"चा नकार म्हणजे दोन्ही नकारांचा "किंवा". सातबारा किंवा पासबुक यांपैकी काहीच दिलं नाही, म्हणजे सातबारा दिला नाही आणि पासबुकही दिलं नाही.

बाणाच्या पोटात एक नकार दडलेला असतो. नकारासाठी इथे ¬ लिहू. p → r आणि ¬p ∨ r यांचे रकाने मांडून पाहा, एकच येतात. मग दुसरं वाचन असं उलगडतं:

```
(p ∨ q) → r  ≡  ¬(p ∨ q) ∨ r
             ≡  (¬p ∧ ¬q) ∨ r
             ≡  (¬p ∨ r) ∧ (¬q ∨ r)
             ≡  (p → r) ∧ (q → r)
```

दुसऱ्या पायरीत नकार कंसाच्या आत शिरला आणि ∨ चं ∧ झालं. तिसऱ्या पायरीत r दोन्हीकडे वाटला गेला, पण मधलं ∧ तसंच राहिलं. चिन्ह एकदाच उलटं होतं, आणि ते बाणाच्या डाव्या बाजूमुळे. बाणाच्या उजव्या बाजूवर नकार नसतो, म्हणून p → (q ∧ r) फोडलं तर (p → q) ∧ (p → r) येतं, चिन्ह न बदलता. हे सारणीतही करून पाहता येईल.

तिसऱ्या, कानाला खटकणाऱ्या वाचनात वाटून देण्याची पायरीच लागत नाही:

```
(p ∧ q) → r  ≡  ¬(p ∧ q) ∨ r
             ≡  ¬p ∨ ¬q ∨ r
             ≡  (¬p ∨ r) ∨ (¬q ∨ r)
             ≡  (p → r) ∨ (q → r)
```

इथे तिसऱ्या पायरीत एका r चे दोन r केले आहेत. r ∨ r म्हणजे r च, त्यामुळे तसं करायला मोकळीक आहे. नोंदणी एकच आहे, पण ती दोनदा लिहिली आणि एक ¬p च्या शेजारी, एक ¬q च्या शेजारी ठेवली, म्हणून ते दोन स्वतंत्र नियमांसारखं दिसू लागलं.